सर्व्हेतली ‘इतर’ उत्तरं मूळ पर्यायांत टाकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात घरोघरी किंवा ऑनलाइन सर्व्हे करणाऱ्या संस्था आणि प्रकल्प करणारे विद्यार्थी यांच्याकडून तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून ही उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. सगळीकडे एकच उदाहरण वापरलं आहे. त्यातले आकडे काल्पनिक आहेत, हिशेब डोळ्यांसमोर राहावा इतक्यासाठीच घेतलेले. पुण्यातल्या प्रत्यक्ष वाहतुकीबद्दल त्यातून काही निष्कर्ष काढू नका.

समजा, ८०० नोकरदारांना विचारलं: “कामाला जाताना बहुतेक दिवशी मुख्यतः कशाने जाता? एकच पर्याय निवडा.” पर्याय असे: दुचाकी, पीएमपीएमएल बस, स्वतःची किंवा घरची चारचाकी, रिक्षा, मेट्रो, पायी, सायकल, आणि शेवटी ‘इतर (लिहा)’. ७२ जणांनी ‘इतर’ निवडून पुढे काहीतरी लिहिलं.

हे ७२ जण जिथे आहेत तिथेच राहू दिले तर काय बिघडतं?

बिघडतं ते असं, की त्यातले बरेच जण खरं तर ‘इतर’ नसतातच. कोणी “ॲक्टिव्हा” लिहितो, कोणी “पीएमटी”. पीएमटी आणि पीसीएमटी मिळून पीएमपीएमएल झाली २००७ मध्ये, पण साठीतले काका अजून पीएमटीच म्हणतात. फॉर्मवर ‘पीएमपीएमएल बस’ वाचून “आपली ती नाही” असं वाटून ते खाली सरकतात. हा माणूस बसचाच आहे. त्याला ‘इतर’मध्ये ठेवलं तर बसचा आकडा कमी दिसतो, आणि तोही सगळ्या वयांत सारखा कमी दिसत नाही. ज्येष्ठांत जास्त कमी दिसतो.

‘इतर’ जर एक-दोन टक्केच असेल आणि त्या प्रश्नावर अहवालातला कुठलाच महत्त्वाचा निष्कर्ष टेकलेला नसेल, तर मी हात लावत नाही. इथे तो ९ टक्के आहे, म्हणजे मेट्रोच्या दुप्पट. तिथे वाचायलाच हवं.

कोणतं उत्तर हलवायचं आणि कोणतं नाही, हे ठरवायचं कसं?

एकच कसोटी लावा: पर्याय नीट समजला असता, तर या माणसाने स्वतः त्यावर खूण केली असती का? “हे साधारण त्याच प्रकारात मोडतं” असं तुम्हाला वाटणं पुरेसं नाही. उत्तर देणाऱ्याने ते मोडतं असं मानलं असतं का, हे बघायचं.

“स्कूटी” लिहिणाऱ्याने दुचाकीवर खूण करायला काहीच हरकत नव्हती. तो हलतो. “ओला कॅब” लिहिणाऱ्याने मात्र ‘स्वतःची किंवा घरची चारचाकी’ हा पर्याय वाचला, तो आपला नाही हे बरोबर ओळखलं आणि ‘इतर’ निवडलं. चाकं चार आहेत म्हणून त्याला चारचाकीत ढकललं, तर त्याने विचारपूर्वक दिलेलं उत्तर आपण पुसलं. शब्दांवरून निर्णय घेऊ नका, फॉर्मवर पर्याय जसा छापला होता त्यावरून घ्या. म्हणून मूळ फॉर्म समोर उघडा ठेवल्याशिवाय हे काम सुरू करू नये. एक्सेलमधल्या कॉलमच्या डोक्यावर नुसतं ‘चारचाकी’ असतं, ‘स्वतःची किंवा घरची’ हे शब्द तिथे गळून गेलेले असतात.

आमच्या उदाहरणात नेमकं काय काय लिहिलं होतं, आणि कुठे गेलं?

७२ उत्तरं वाचून असे गठ्ठे पडले:

| लिहिलेलं उत्तर | किती | निर्णय |
|---|---|---|
| ॲक्टिव्हा, स्कूटी, बाईक | ९ | दुचाकी |
| मित्राच्या किंवा नवऱ्याच्या मागे बसून | ५ | दुचाकी, वेगळ्या खुणेसह |
| पीएमटी, पीसीएमटी, सिटी बस | ८ | पीएमपीएमएल बस |
| शेअर रिक्षा, सहा आसनी | ९ | रिक्षा, वेगळ्या खुणेसह |
| कंपनीची बस | १७ | इतर |
| ओला-उबर कॅब | ६ | इतर |
| नुसतं “बस” | ५ | इतर, ‘संदिग्ध’ खूण |
| लोकल | ३ | इतर |
| “बस आणि मेट्रो दोन्ही” | २ | इतर |
| घरूनच काम | ६ | प्रश्न लागू नाही |
| नुसती रेघ किंवा टिंब | २ | उत्तर नाही |

आता मोजदाद. दुचाकी ३७२ होती, ती ३८६ झाली. बस १२८ ची १३६. रिक्षा ५२ ची ६१. चारचाकी ७६, मेट्रो ३६, पायी ४८ आणि सायकल १६ होती तिथेच राहिली. ‘इतर’ ७२ वरून ३३ वर आलं. या सगळ्यांची बेरीज ७९२, अधिक ‘लागू नाही’ ६, अधिक ‘उत्तर नाही’ २, एकूण ८००. ही बेरीज जुळेपर्यंत उठू नका. ७९९ किंवा ८०१ आली, तर एक माणूस कुठेतरी हरवला आहे किंवा दोनदा मोजला गेला आहे.

टक्केवारी काढताना भाजक ७९२. घरून काम करणाऱ्याला “कामाला कशाने जाता” हा प्रश्नच लागू नाही, तर त्याला भाजकात ठेवून प्रत्येक वाहनाची टक्केवारी थोडी थोडी खाली ओढण्यात अर्थ नाही. बस आधी १२८ भागिले ८००, म्हणजे १६.० टक्के होती. आता १३६ भागिले ७९२, म्हणजे १७.२ टक्के. यातला मोठा भाग आठ माणसं हलल्याचा आणि थोडासा भाजक बदलल्याचा आहे. अहवालात हे दोन बदल वेगळे सांगा, नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं की सगळी वाढ उत्तरं हलवल्यामुळेच झाली.

नुसतं “बस” लिहिलंय. ते पीएमपीएमएलमध्ये का नाही टाकायचं?

कारण पुण्यात बस म्हणजे पीएमपीएमएल असेल, एसटी असेल किंवा हिंजवडीच्या आयटी कंपनीची बस असेल. शिवाय या माणसाने ‘पीएमपीएमएल बस’ हा पर्याय पाहून तो सोडलेला आहे, हेही लक्षात घ्या. कदाचित घाईत सोडला असेल, कदाचित जाणूनबुजून. आपल्याला ठाऊक नाही.

अशा वेळी मी दोन टोकं मोजते. पाचांपैकी एकही पीएमपीएमएलचा नाही असं धरलं तर बस १७.२ टक्के. पाचही आहेत असं धरलं तर १४१ भागिले ७९२, म्हणजे १७.८. खरं उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. अंतर अर्ध्या टक्क्याच्या आसपास, त्यामुळे वाद घालत बसण्यासारखं काही नाही, १७.२ छापा आणि तळटीपेत दुसरं टोक द्या. हेच अंतर चार-पाच टक्के निघालं असतं, तर मात्र निवडक लोकांना फोन करून विचारण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

ज्यात ‘बस’ हा शब्द आहे ते सगळं फॉर्म्युल्याने एकदम बसमध्ये टाकलं तर वेळ वाचेल ना?

वेळ वाचेल, आकडा जाईल. वरच्याच यादीत बघा: पीएमटीवाल्या ८ बरोबर कंपनीच्या बसचे १७, संदिग्ध ५ आणि “बस आणि मेट्रो”वाले २ असे सगळे आत आले, तर बस १६० होते, म्हणजे २०.२ टक्के. तीन टक्क्यांची ही वाढ निव्वळ फॉर्म्युल्यातून आलेली आहे. “रिक्षा मिळत नाही म्हणून चालत” असं लिहिणाराही असतो, आणि शब्द शोधणारा फॉर्म्युला त्याला आनंदाने रिक्षात बसवतो.

शेकड्यातली उत्तरं असतील तर सरळ वाचून काढा; ७२ ओळी वाचायला एक दुपारही लागत नाही. हजारो असतील तर तुकडा न शोधता अख्खं उत्तर जुळवा: आधी सगळी वेगवेगळी लिखाणं एकदाच काढा, प्रत्येकासमोर माणसाने कोड लिहा, आणि तीच यादी पूर्ण डेटाला लावा. “auto”, “ऑटो”, “रिक्शा”, “रिक्षा” या चार ओळी होतील, पण प्रत्येक ओळ कोणीतरी वाचलेली असेल.

देवनागरीत आणखी एक खोच आहे. “ॲक्टिव्हा” हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो, एका अखंड ‘ॲ’ने किंवा ‘अ’वर वेगळा चंद्र देऊन. पडद्यावर दोन्ही जवळपास सारखे दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात, आणि युनिकोडचं नेहमीचं NFC सामान्यीकरणही त्यांना एक करत नाही. फोनवरून भरलेल्या फॉर्ममध्ये न दिसणारे जोडचिन्हांचे कोडही येतात. म्हणून जुळवणीसाठी वेगळी किल्ली बनवा:

```python
import re, unicodedata

def key(s):
    s = unicodedata.normalize("NFC", str(s)).lower()
    s = s.replace("\u200c", "").replace("\u200d", "")
    s = s.replace("\u0905\u0945", "\u0972")
    return re.sub(r"\s+", " ", s).strip(" .,-")
```

ही किल्ली फक्त जुळवण्यापुरती. मूळ उत्तर जसं आलं तसंच राहिलं पाहिजे.

मूळ कॉलमच बदलला तर चालेल?

नाही. `q5` मध्ये माणसाने केलेली खूण, `q5_oth` मध्ये त्याने लिहिलेलं, `q5_rc` मध्ये आपण ठरवलेलं, आणि `q5_why` मध्ये कोणत्या नियमाने ठरवलं तो क्रमांक. चार कॉलम. मग `q5` आणि `q5_rc` यांचा आडवा-उभा तक्ता काढला की एक गोष्ट लगेच तपासता येते: `q5` मध्ये ‘इतर’ नसलेल्या ७२८ पैकी एकही माणूस जागचा हललेला नसावा. हलला असेल तर सॉर्ट करताना एखादा कॉलम मागे राहिलेला असतो. एक्सेलमध्ये हे सर्रास होतं.

मागे बसून जाणाऱ्याला दुचाकीत धरायचं की नाही?

अहवाल कशासाठी आहे ते सांगा, मग उत्तर देता येईल. लोक कशाने जातात हे मोजायचं असेल, तर मागे बसणाराही दुचाकीनेच जातो, आणि फॉर्मवर पर्याय नुसता ‘दुचाकी’ होता, ‘स्वतःची दुचाकी’ नव्हता. पण याच आकड्यावरून पार्किंगला किती जागा लागेल हे कोणी काढणार असेल, तर पाच माणसं वाढली तरी गाडी एकही वाढलेली नाही. म्हणून त्यांना दुचाकीत टाकून वेगळी खूण ठेवली आहे. पार्किंगचा हिशेब करणाऱ्याने ती खूण बघून त्यांना वगळावं.

यातही एक मेख आहेच. ज्या ३७२ जणांनी थेट दुचाकीवर खूण केली, त्यांतही मागे बसणारे असणार, आणि त्यांना आपण ओळखू शकत नाही. म्हणजे पार्किंगसाठी हा प्रश्न मुळात अपुरा आहे. पाच जण वगळून तो पुरा होत नाही.

‘कंपनीची बस’ १७ जणांनी लिहिलंय. त्याचा नवा प्रकार करू का?

या पानावर सगळ्यात जास्त चुकणारी जागा हीच. नवा प्रकार करून तक्त्यात ‘कंपनीची बस: २.१ टक्के’ असं बाकीच्यांच्या रांगेत छापलं, की वाचणारा म्हणतो: मेट्रो ४.५, कंपनीची बस २.१, म्हणजे मेट्रो दुप्पट चालते. पण मेट्रोचं नाव सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. कंपनीच्या बसचं कोणी काढलंच नव्हतं. १७ जणांनी ते आपणहून लिहिण्याचे कष्ट घेतले. कंपनीच्या बसने जाणारा दुसरा एखादा “बसच आहे ना” म्हणून पीएमपीएमएलवर खूण करून मोकळा झाला असेल. त्याला परत आणायचा मार्ग नाही, कारण आपण फक्त ‘इतर’मधले लोक वाचतो, खूण केलेल्यांना कधीच उलट तपासत नाही. ही तपासणी एकतर्फी आहे. तिने मूळ पर्याय वाढतात आणि ‘इतर’ घटतं, उलट कधी होत नाही. आपणहून सांगितलेल्या गोष्टीचा आकडा म्हणून कायम ‘किमान’ समजायचा.

पुण्यात याचं धडधडीत उदाहरण म्हणजे मेट्रोच. ६ मार्च २०२२ ला वनाज–गरवारे कॉलेज आणि पिंपरी–फुगेवाडी हे टप्पे सुरू झाले. त्याआधी छापलेला फॉर्म कोणी त्यानंतर वापरला असेल, तर त्यात मेट्रो फक्त ‘इतर’मध्ये लिहिलेली सापडणार. पुढच्या वर्षी पर्याय छापून आला की आकडा उडी मारणारच. त्यातली किती उडी प्रवाशांची आणि किती छपाईची, हे त्या दोन आकड्यांवरून सांगता येत नाही.

तेव्हा १७ जण ‘इतर’मध्येच राहू द्या आणि खाली वाक्य लिहा: “इतर ३३ पैकी १७ जणांनी कंपनीची बस असं नमूद केलं.” वाक्य खरं आहे आणि तुलनेला बोलावत नाही.

शेअर रिक्षाचंही तेच. ९ जणांना रिक्षात टाकलं ते बरोबर, पण “शेअर रिक्षाने जाणारे ९” असं वेगळं छापू नका. ज्या ५२ जणांनी रिक्षावर खूण केली त्यांतले किती शेअरने जातात, कोणाला माहीत?

‘इतर’ लोकांना बाकीच्या पर्यायांत प्रमाणात वाटून टाकलं तर?

त्या हिशेबाने ७२ पैकी ३७ जण दुचाकीत गेले असते. वाचल्यावर निघाले १४. सायकलला दीड-दोन मिळाले असते, प्रत्यक्षात एकही नाही. कंपनीच्या बसवाले १७ तर मूळ पर्यायांत बसतच नाहीत. वाटप करणारा असं गृहीत धरतो की ‘इतर’ निवडणारे इतरांसारखेच आहेत. तसे असते तर त्यांनी ‘इतर’ कशाला निवडलं असतं?

हलवलेल्या माणसाला पुढचा प्रश्न विचारलाच नव्हता. त्याचं काय?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, खरं तर सगळ्यांनी विचारायला हवा. समजा, बसवर खूण करणाऱ्यांनाच पुढे विचारलं होतं: “तुमच्याकडे पास आहे का?” १२८ पैकी ४८ जण ‘हो’ म्हणाले, म्हणजे ३७.५ टक्के. आता बसमध्ये १३६ झाले. आठ नव्या लोकांच्या पासच्या रकान्यात काहीच नाही, आणि सॉफ्टवेअर किंवा घाईतला माणूस त्या रिकाम्या जागेला ‘नाही’ समजला, तर पास ३५.३ टक्क्यांवर उतरतो. पासवाला एकही कमी झालेला नाही, तरी पास घटल्याची बातमी होते.

त्या आठ जणांना ‘विचारलं नाही’ असा वेगळा कोड द्या, आणि पासच्या तक्त्याखाली स्पष्ट लिहा की तो मूळ १२८ जणांवर आधारित आहे. एकाच अहवालात बसचे प्रवासी एका तक्त्यात १३६ आणि दुसऱ्यात १२८ दिसले, की कोणीतरी बोट ठेवणारच. टीप तिथल्या तिथे असेल तर ते बोट लगेच खाली येतं.

एकाच माणसाने कोडिंग केलं तर विश्वासार्ह धरायचं का?

दोघांनी एकमेकांचं न बघता करावं. त्यांच्यासमोर फक्त लिहिलेलं उत्तर आणि फॉर्मवरचे पर्याय असावेत. वय, लिंग, भाग हे कॉलम लपवा. “कोथरूडच्या काकू आहेत, म्हणजे बसनेच जात असणार” असं मनात आलं की डेटात आपलाच अंदाज शिरतो, आणि पुढे भागवार तक्त्यात तोच अंदाज निष्कर्ष म्हणून बाहेर पडतो.

मग दोघांच्या नोंदी ताडून बघा. १९६० मध्ये जेकब कोहेन यांनी मांडलेला कप्पा हा सहमतीचा आकडा काढायला हरकत नाही; योगायोगाने जुळलेली उत्तरं तो हिशेबातून वजा करतो. पण मला त्याहून उपयोगी वाटते ती मतभेदांची यादी. समजा, ७२ पैकी ८ ठिकाणी जुळलं नाही, आणि ते आठही ‘मागे बसून’ आणि ‘कॅब’ याच दोन गठ्ठ्यांतले निघाले. याचा अर्थ माणसं निष्काळजी नाहीत, नियम लिहायचा राहून गेला आहे. नियम लिहा आणि त्या गठ्ठ्यांतली सगळी उत्तरं पुन्हा कोड करा, जुळलेलीसुद्धा.

सगळी ‘इतर’ उत्तरं एकाच सर्वेक्षकाकडून आली असतील तर?

सर्वेक्षकवार मोजून बघाच. एखादा पर्याय वाचून न दाखवता ऐकलेलं तसंच लिहून घेतो, त्याच्याकडे ‘इतर’चा ढीग असतो. दुसरा सगळ्यांना कुठल्यातरी पर्यायात कोंबतो, त्याच्याकडे शून्य. तुम्ही पहिल्याचीच उत्तरं सुधारू शकता. दुसऱ्याने कोंबलेली सुटत नाहीत. आधी बघा की त्याला दिलेला भागच वेगळा आहे का. वाकड-हिंजवडीत कंपनीच्या बसमुळे ‘इतर’ वाढणं स्वाभाविक आहे. त्याच भागात काम करणाऱ्या दोन सर्वेक्षकांत मोठा फरक असेल, तर तो सर्वेक्षकांचाच.

वजनं लावलेल्या डेटात हे आधी करायचं की नंतर?

कोडिंग माणसामाणसावर, वजन न बघता. वजनं नंतर लावा आणि फरक दोन्हीकडे काढा. वजन लावल्यावर बसचा आकडा फारच जास्त हलला, तर हललेल्यांपैकी एखाद्याचं वजन अवाढव्य आहे. त्याचं उत्तर पुन्हा एकदा नीट वाचा.

मागच्या वर्षी हे केलं नव्हतं. यंदा केलं तर तुलना होईल का?

मागच्या वर्षीची लिहिलेली उत्तरं जपून ठेवली असतील, तर त्यांनाही तेच नियम लावा आणि दोन्ही वर्षं नव्याने मोजा. ती टाकून दिली असतील, तर तुलनेच्या तक्त्यात दोन्ही वर्षांचे न हलवलेले आकडेच वापरा: बस १६.० टक्के. १७.२ हा यंदाचा चांगला अंदाज आहे, पण मागच्या वर्षीच्या कच्च्या आकड्याशेजारी तो ठेवता येत नाही.

पुढच्या फॉर्ममध्ये काय बदलू?

‘पीएमपीएमएल (पीएमटी) बस’ असं छापा, ‘कंपनीची बस’ हा पर्याय वाढवा आणि “घरून काम करता का?” हे आधीच विचारून घ्या. कॅबचे सहा जण आहेत, त्यांच्यासाठी मी पर्याय वाढवणार नाही. नवा फॉर्म वापरल्या वर्षी तक्त्यात रेघ मारा आणि टीप द्या की पर्याय बदलले आहेत. त्या वर्षी पीएमपीएमएलचा आकडा घसरलेला दिसला, तर आधी कंपनीच्या बसचा रकाना बघा.